बंद भावाची अर्धी घटका

निफ्टीतले बदल जाहीर करणाऱ्या परिपत्रकात दोन तारखा असतात आणि नवखा माणूस त्यातली एकच वाचतो. 21 फेब्रुवारी 2025च्या परिपत्रकात जिओ फायनान्शियल आणि झोमॅटो निफ्टी 50मध्ये येणार, ब्रिटानिया आणि भारत पेट्रोलियम बाहेर जाणार असं होतं. बदल 28 मार्चपासून लागू. त्याच्याच शेजारी लिहिलं होतं, 27 मार्चच्या बंद भावानंतर. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 28 तारीख आली. पण ज्यांना हे शेअर घ्यावेच लागणार होते त्या इंडेक्स फंडांची खरेदी 27 तारखेच्या दुपारीच उरकायची होती, कारण 28च्या सकाळी निर्देशांक बदललेला असणार आणि त्या क्षणी फंडाच्या खात्यातही तोच माल असायला हवा.

मी काही वर्षं मुंबईत एका फंडाच्या डीलिंग रूममध्ये बसलो आहे. बदलाच्या आदल्या दुपारी तीन वाजता तिथलं वातावरण इतर दिवसांसारखं नसतं. एरवी डीलरला स्वस्तात माल मिळवल्याबद्दल शाबासकी असते. त्या अर्ध्या तासात मात्र त्याचं काम वेगळं असतं: तीन ते साडेतीन या वेळेतल्या सौद्यांचा जो सरासरी भाव निघेल, त्याच्या शक्य तितक्या जवळ आपली खरेदी बसवायची. आपल्याकडे रोखीच्या बाजारात शेअरचा अधिकृत बंद भाव या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरत आला आहे आणि निर्देशांकाचा हिशेबही त्याच भावावर चालतो. फंडाने चार दिवस आधी पाच टक्के स्वस्तात शेअर घेतला तर गुंतवणूकदाराचा फायदा होईल, पण निर्देशांकाशी फारकत होईल, आणि इंडेक्स फंडाच्या व्यवस्थापकाची परीक्षा या फारकतीवरच होते. सेबीने 2022मध्ये इंडेक्स फंड आणि ईटीएफसाठी तिची वरची मर्यादा दोन टक्के ठरवून दिली. म्हणून हा ग्राहक भाव विचारत नाही. तो किती घेणार आणि कोणत्या अर्ध्या तासात घेणार, हे सगळ्या बाजाराला महिनाभर आधी माहीत असतं.

असा ग्राहक बाजारात येणार असेल तर त्याच्या आधी माल घेऊन ठेवावा आणि त्याला विकावा, ही कल्पना कोणालाही सुचेल. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. पण ही कल्पना आपल्याला सुचली तशी इतरांनाही सुचली आहे, आणि ती सुचलेल्यांची संख्या किती आहे यावर सगळा व्यवहार ठरतो. माझ्या मते या क्षेत्राचा पूर्ण इतिहास म्हणजे खरेदीची वेळ अलीकडे अलीकडे सरकत गेल्याचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. एसअँडपी 500मध्ये कंपनी आली की भाव वर जातो, हे 1986मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं आणि दोघांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. आंद्रे श्लायफर यांचं म्हणणं असं की ही वाढ बऱ्यापैकी टिकते. इंडेक्स फंड शेअर घेऊन कुलपात ठेवतात, बाजारातला मोकळा माल कमी होतो, आणि उरलेल्या मालाची किंमत वर सरकते. लॉरेन्स हॅरिस आणि आयटन गुरेल यांना दिसलं की भाव वाढतो खरा, पण दोनेक आठवड्यांत बराचसा परत येतो. म्हणजे वाढ ही घाईने खरेदी करणाऱ्याने विकणाऱ्याला दिलेली मजुरी आहे, घाई संपली की मजुरीही संपली. पहिला पक्ष खरा मानला तर शेअर ठेवायला हवा. दुसरा खरा मानला तर फंडाची खरेदी झाली त्याच दिवशी विकायला हवा. चाळीस वर्षांपूर्वीचा हा वाद आजही विक्रीच्या प्रत्येक नियमाच्या मुळाशी आहे.

पुढे तिसरा विचार आला. चेन, नोरोन्हा आणि सिंगल यांनी 2004मध्ये दाखवलं की आत येणाऱ्या कंपनीची वाढ टिकते, पण बाहेर जाणाऱ्या कंपनीची घसरण टिकत नाही. नुसता मागणी-पुरवठ्याचा खेळ असता तर दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या दिसल्या असत्या. त्यांचं स्पष्टीकरण असं की निर्देशांकात आल्यावर कंपनी जास्त लोकांच्या नजरेत येते, आणि बाहेर पडली म्हणून लोक तिला विसरत नाहीत. बाहेर जाणाऱ्या शेअरकडे बघणारे लोक नेहमीच कमी असतात, आणि मला वाटतं आजही या व्यवहारात थोडी जागा उरली असेल तर ती तिथे आहे. त्याचा हिशेब पुढे येईल.

एक बदल फार महत्त्वाचा झाला. ऑक्टोबर 1989पूर्वी एसअँडपी बाजार बंद झाल्यावर बदल जाहीर करायची आणि तो दुसऱ्याच दिवशी लागू व्हायचा. मग घोषणा आणि अंमल यात काही दिवसांचं अंतर ठेवलं गेलं. फंडांना तयारीला वेळ मिळावा हा हेतू होता. वेळ मिळाला तो सगळ्यांनाच. घोषणेला घ्यायचं आणि अंमलाच्या दिवशी विकायचं हा सौदा तिथून रूढ झाला आणि नव्वदच्या दशकात त्याने भरपूर पैसा दिला. रॉबिन ग्रीनवुड आणि मार्को सॅमन यांनी मोजल्याप्रमाणे त्या दशकात एसअँडपी 500मध्ये येणाऱ्या शेअरची सरासरी जादा वाढ 7.4 टक्के होती. अलीकडच्या दशकात ती एक टक्क्याच्याही खाली आली, आणि ती कमी झाली तेव्हा निर्देशांकांच्या मागे धावणारा पैसा मात्र कितीतरी पटींनी वाढलेला होता. मागणी वाढली आणि तिचा भावावरचा परिणाम घटला, हे आधी उलटं वाटतं. टेस्लाचं उदाहरण लोक अजून देतात: 16 नोव्हेंबर 2020ला घोषणा झाली तेव्हा सुमारे 408 डॉलर असलेला शेअर 18 डिसेंबरला 695वर बंद झाला आणि निर्देशांकात आल्याच्या पहिल्या दिवशी साडेसहा टक्के पडला. पण टेस्ला हा अपवाद होता. एवढी मोठी कंपनी तोवर निर्देशांकाबाहेरच राहावी, असं सहसा घडत नाही.

परिणाम का घटला याची दोन कारणं पटण्यासारखी आहेत. पहिलं, कोणती कंपनी येणार हे आता घोषणेच्या कितीतरी आधी ओळखता येतं. दुसरं, मोठ्या निर्देशांकात येणारी कंपनी बहुधा त्याच्या खालच्या निर्देशांकातून वर येते, म्हणजे एका बाजूला खरेदी होत असताना दुसऱ्या बाजूला खालच्या निर्देशांकाचे फंड तोच शेअर विकत असतात. आपल्याकडे ही दोन्ही कारणं निफ्टीत स्पष्ट दिसतात, म्हणून या पुस्तकाच्या लेखकाने जगभर फिरण्याऐवजी निफ्टी 50 आणि निफ्टी नेक्स्ट 50 यांच्यामधल्या ये-जा करणाऱ्या शेअरवर लक्ष ठेवलं आहे. मला ही निवड योग्य वाटते.

भारतात हा विषय उशिरा महत्त्वाचा झाला. निफ्टी 1996पासून आहे. पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, 2002च्या जानेवारीत बाजारात आला. तरी बरीच वर्षं निर्देशांकाच्या मागचा पैसा इतका थोडा होता की निफ्टीत येणं हा कंपनीचा मान होता, त्याने खरेदीदार येत नव्हते. ऑगस्ट 2015मध्ये कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीने नव्या जमेचा काही भाग ईटीएफमधून निफ्टी आणि सेन्सेक्समध्ये घालायला सुरुवात केली. पाच टक्क्यांपासून सुरू झालेला हा भाग पुढे पंधरा टक्क्यांवर गेला. ठाण्याच्या कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा तेव्हापासून दर महिन्याला या पन्नास शेअरमध्ये जातो आहे, त्याला त्याची कल्पना असो वा नसो. त्यानंतर सामान्य गुंतवणूकदारांच्या एसआयपीही इंडेक्स फंडांकडे वळल्या. आता निफ्टीत कंपनी आली तर हजारो कोटींची खरेदी ठरलेल्या दुपारी होते.

ही खरेदी किती, हे मोजायची पद्धत वाचकाने आधीच समजून घ्यावी, कारण बाजारात फिरणारे अंदाज इथेच फसतात. निफ्टी 50मध्ये प्रत्येक कंपनीचं वजन तिच्या मोकळ्या समभागांच्या बाजारमूल्यावर ठरतं. प्रवर्तकांकडे अडकलेले शेअर वगळून जे उरतात ते मोकळे. यातून एक सोपी गोष्ट निघते जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही: निफ्टीचे फंड प्रत्येक कंपनीच्या मोकळ्या शेअरांचा सारखाच हिस्सा बाळगून असतात. समजा निफ्टीच्या मागे 3 लाख कोटी रुपये आहेत आणि पन्नास कंपन्यांच्या मोकळ्या शेअरांचं एकूण मूल्य 100 लाख कोटी आहे. मग प्रत्येक कंपनीचे तीन टक्के मोकळे शेअर या फंडांकडे असणार. नवी कंपनी आली की तिचेही तीन टक्के. भाव काहीही असो, टक्का तोच.

आता समजा येणाऱ्या कंपनीच्या मोकळ्या शेअरांचं मूल्य दीड लाख कोटी आहे. तीन टक्के म्हणजे 4,500 कोटींची खरेदी. हाच आकडा दलालांच्या टिपणांत येतो आणि टीव्हीवर सांगितला जातो. पण ही कंपनी काल नेक्स्ट 50मध्ये होती. समजा नेक्स्ट 50च्या मागे 25,000 कोटी आहेत आणि त्या निर्देशांकाचं मोकळं मूल्य 25 लाख कोटी. म्हणजे तिथले फंड तिचे एक टक्का शेअर, 1,500 कोटींचे, त्याच दुपारी विकणार. निव्वळ मागणी 3,000 कोटी उरली. शेअरची रोजची उलाढाल 1,500 कोटी असेल आणि त्यातली निम्मी डिलिव्हरीची असेल, तर ही मागणी चार दिवसांच्या डिलिव्हरीएवढी आहे. मोठी आहे, पण डोळे विस्फारण्याजोगी नाही.

बाहेर जाणाऱ्या कंपनीचा हिशेब याच पद्धतीने करून बघा. मोकळं मूल्य 60,000 कोटी धरू. निफ्टीचे फंड 1,800 कोटी विकतील, नेक्स्ट 50चे 600 कोटी घेतील, निव्वळ विक्री 1,200 कोटी. आत येणाऱ्याच्या निम्म्याहून कमी. पण अशा शेअरची रोजची उलाढाल 200 कोटीच असेल तर ही पूर्ण सहा दिवसांची उलाढाल झाली, आणि ती एका अर्ध्या तासात बाजारात ओतली जाते. दबाव रुपयांत मोजायचा नसतो, दिवसांत मोजायचा असतो. वरचे सगळे आकडे पद्धत दाखवण्यासाठी गोल धरले आहेत. फंडांची मालमत्ता दर महिन्याला प्रसिद्ध होते, ती घेऊन वाचकाने हिशेब स्वतः करावा.

आता खरं उदाहरण. झोमॅटो निफ्टीत येणार हे कधी कळलं? 21 फेब्रुवारी 2025ला, असं उत्तर देणारा माणूस तीन महिने मागे आहे. निफ्टी 50मध्ये यायला शेअर वायदे बाजारात असावा लागतो. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल या दोन्ही कंपन्या आकाराने केव्हाच पात्र होत्या, पण त्यांचे वायदे नव्हते. सेबीने 2024च्या ऑगस्टअखेर वायद्यांच्या पात्रतेचे निकष बदलले आणि 29 नोव्हेंबरला 45 नवे शेअर वायद्यांत आले, त्यात हे दोन होते. त्या दिवशी दार उघडलं. पुढची मोजणी 31 जानेवारीपर्यंतच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर होणार हेही ठरलेलं. कोणीही कागदावर यादी करून ही दोन नावं काढू शकत होतं आणि अनेकांनी काढलीही होती. दरम्यान 23 डिसेंबरला झोमॅटो सेन्सेक्समध्येही आला, तिथली खरेदीही होऊन गेली. शेअरने आपला तोवरचा उच्चांक, 304 रुपयांच्या पुढे, गाठला तो 5 डिसेंबरला, म्हणजे दार उघडल्यावर आठवड्याभरात.

मग जानेवारीत तिमाहीचे निकाल आले, नफा निम्म्याहून अधिक घटलेला, आणि भाव कोसळला. निफ्टीची अधिकृत घोषणा झाली तेव्हा शेअर 230च्या आसपास होता. ज्याने घोषणेनंतर घेतला आणि 27 मार्चच्या दुपारी, म्हणजे फंड घेत असताना, नियमाप्रमाणे विकला, त्याला 200 ते 205च्या दरम्यान भाव मिळाला. दहा टक्क्यांच्या आसपास तोटा. आणि याच काळात निफ्टी 22,796वरून 23,592वर गेला होता, म्हणजे साडेतीन टक्के वर. बाजार चढत असताना, हजारो कोटींची खरेदी ठरलेली असताना, शेअर पडला.

खरेदी झाली नाही म्हणून हे घडलं नाही. खरेदी झालीच. पण ती होईल म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरपासून माल धरून बसलेल्यांना त्या खरेदीतच बाहेर पडायचं होतं. भर म्हणून नेक्स्ट 50च्या फंडांचीही विक्री होती. आणि या सगळ्यापेक्षा मोठी होती ती कंपनीच्या धंद्याविषयीची काळजी, कारण झटपट डिलिव्हरीतली स्पर्धा त्याच महिन्यांत तीव्र होत होती. निर्देशांकाचा परिणाम एक-दोन टक्क्यांचा असतो, कंपनीच्या बातमीचा वीस-पंचवीस टक्क्यांचा. छोटा परिणाम पकडायला जाताना मोठ्याला पाठ दाखवायची नसते.

प्रवेशाची वेळ कोणती, याचं लेखकाचं उत्तर मला या अनुभवातून पटतं. घोषणेनंतरचा प्रवेश आता बहुधा उशिराचा असतो. खरा पैसा मोजणीची मुदत संपण्याच्या आगेमागे, म्हणजे जानेवारी आणि जुलैत, घोषणेच्या आधी घेणाऱ्याला मिळतो, आणि त्याची किंमत अशी की अंदाज चुकू शकतो. येणाऱ्या कंपनीचं मोकळं मूल्य सर्वांत लहान सभासदाच्या किमान दीडपट असावं लागतं. ही रेषा ज्या शेअरला काठावर स्पर्श करते त्यावर पैसे लावू नयेत. जो रेषेच्या बराच वर आहे तोच घ्यावा, आणि त्याच्यापुढे निफ्टीचा वायदा विकून बाजाराच्या चढउतारापासून स्वतःला सोडवून घ्यावं, म्हणजे हातात फक्त शेअर आणि निर्देशांक यांच्यातला फरक राहतो.

घोषणेनंतर घ्यायचाच असेल तर आधी गर्दी तपासावी. मुदत संपल्यापासून घोषणेपर्यंत तो शेअर निफ्टीपेक्षा बराच पुढे गेला का? त्याच्या वायद्यांतले खुले सौदे वाढत आहेत का, आणि वायद्याचा भाव रोखीच्या भावावर नेहमीपेक्षा जास्त चढा आहे का? तिन्ही उत्तरं होकारार्थी आली तर तुमच्या आधी बरेच जण बसले आहेत, आणि ज्या दुपारी तुम्ही विकणार त्याच दुपारी तेही विकणार.

याहून सूक्ष्म एक उदाहरण 2024मधलं आहे, आणि ते निफ्टीचं नाही. एमएससीआयचे निर्देशांक परदेशी गुंतवणूकदारांसाठी असतात, त्यामुळे परदेशी लोकांना अजून किती शेअर घेता येतील, याला तिथे वजन आहे. एचडीएफसी बँकेत परदेशी मर्यादा 74 टक्के. जून तिमाहीत परदेशी हिस्सा 54.83 टक्क्यांवर आला. उरलेली जागा 19.17, ती 74ने भागली की जवळपास 25.9 टक्के. एमएससीआयच्या नियमात 25 टक्क्यांची पायरी महत्त्वाची होती, ती ओलांडली की बँकेवरची वजनातली कपात उठणार. हा भागाकार जमणाऱ्यांनी जुलैच्या पहिल्या दिवसांत शेअर 1,790च्या वर नेला. ऑगस्टमध्ये घोषणा आली आणि वजन वाढलं, पण एकदम नाही, दोन टप्प्यांत. अंदाज बरोबर होता, कंपनी बरोबर होती, दिशा बरोबर होती. फक्त या फेरीत येणारी खरेदी अपेक्षेपेक्षा निम्मी निघाली, आणि 13 ऑगस्टला शेअर साडेतीन टक्के पडून 1,600च्या जवळ आला. बाजाराने घोषणेवर नव्हे, घोषणेतल्या आकड्यावर पैसे लावले होते.

विक्रीच्या नियमांबाबत लेखक कठोर आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. हा सौदा एका ग्राहकावर उभा आहे, आणि तो ग्राहक कधी येणार हे छापील आहे. म्हणून बाहेर पडण्याची तारीख सौदा घेतानाच लिहिलेली असते, आणि ती भावाने बदलत नाही. शेअर तोट्यात असला तरी त्याच अर्ध्या तासात विकायचा, कारण त्यानंतर एवढा मोठा ग्राहक पुन्हा येणार नाही. निम्मा माल फंड घेत असताना आणि निम्मा आदल्या दोन-तीन दिवसांत, असा सल्ला व्यवहाराला धरून आहे, कारण अलीकडे गर्दीतले लोक शेवटच्या दुपारची वाट बघत नाहीत आणि भाव आधीच वाकतो. आदल्या दिवसांत उलाढाल तुमच्या हिशेबातल्या मागणीइतकी होऊनही भाव जागचा हलत नसेल, तर विक्रेते तयार बसले आहेत असं समजून तेव्हाच निघावं.

माझी सगळ्यात महागडी चूक याच नियमाची होती. डीलिंग रूम सोडल्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या पैशांनी, मी निफ्टीत येणारा एक शेअर घेतला. परिपत्रकातली तारीख ‘पासून’ या शब्दासकट वाचली नाही आणि लागू होण्याच्या दिवशी दुपारी विकायला बसलो. फंड आदल्या संध्याकाळीच मोकळे झाले होते. ज्या ग्राहकासाठी मी माल धरला होता तो घरी गेला होता, आणि माझ्यासारखे शेकडो जण एकमेकांना विकत होते. तो तोटा मी सहन केला. पण मग ‘कंपनी चांगली आहे, ठेवू’ असं म्हणून तो शेअर आणखी वर्षभर ठेवला, ती खरी चूक. सौदा म्हणून घेतलेल्या शेअरला गुंतवणूक म्हणणं हा या व्यवहारातला सर्वांत जुना रोग आहे.

खर्चाचा हिशेबही थोडक्यात सांगायला हवा. डिलिव्हरीच्या खरेदी आणि विक्री दोन्हीवर 0.1 टक्का रोखे व्यवहार कर, खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक, वर दलाली, आणि नफ्यावर जुलै 2024पासून 20 टक्के अल्पकालीन कर. दीड टक्क्याच्या अपेक्षित फायद्यातून हे सगळं वजा केलं, आणि वायद्याने स्वतःला झाकण्याचा खर्च धरला, की उरतं ते एक टक्क्याच्या आसपास, आणि तेही अंदाज बरोबर आला तर. म्हणून हा व्यवहार कर्ज काढून करण्याचा नाही आणि सगळी पुंजी एका नावावर लावण्याचा तर नाहीच.

एक शंका बरेच वाचक विचारतात: फंडांच्या आधी खरेदी करणं बेकायदेशीर नाही का? सार्वजनिक नियम आणि सार्वजनिक परिपत्रक वाचून कोणीही सौदा करू शकतो. गुन्हा घडतो तो फंडाची विशिष्ट ऑर्डर माहीत असलेल्याने, म्हणजे डीलरने, दलालाच्या माणसाने किंवा त्यांच्या घरच्यांनी, तिच्या पुढे धावून खरेदी केली तर. ही रेषा पुसट नाही. ती ओलांडणाऱ्यांवर सेबीने वेळोवेळी कारवाई केली आहे.

आणि नियम बदलत राहतात. ऑगस्ट 2025मध्ये सेबीने बंद भाव अर्ध्या तासाच्या सरासरीऐवजी स्वतंत्र लिलाव सत्रातून ठरवण्यासाठी सल्लापत्र काढलं. अशी पद्धत आली की फंडांची सगळी खरेदी तीन ते साडेतीनऐवजी काही मिनिटांच्या लिलावात एकवटते, आणि विक्रीच्या नियमातली वेळही तिच्याबरोबर हलवावी लागते. एरवी अनपेक्षित घटनाही नियमांना धक्का देतात: 2023मध्ये रिलायन्सपासून वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलला निर्देशांकांतून काढायचं होतं, पण शेअर दिवसामागून दिवस खालच्या सर्किटला लागत राहिला आणि काढण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली. विकणाऱ्या फंडांना ग्राहकच नव्हता. दीड वर्षाने तीच कंपनी रीतसर निफ्टी 50मध्ये आली.

या पुस्तकाचा प्रयत्न कोणता शेअर घ्यावा हे सांगण्याचा नाही. एखादी घोषणा समोर आली की कोणाला, किती, कधी घ्यावं लागणार, त्याच वेळी कोणाला विकावं लागणार, आणि त्यांच्या आधी किती जण बसले आहेत, हे तीन-चार प्रश्न क्रमाने विचारायची सवय वाचकाला लागावी एवढं लेखकाला हवं आहे. त्याने फसलेले सौदे फायद्याच्या सौद्यांइतक्याच बारकाईने मांडले आहेत, आणि बाहेर जाणाऱ्या शेअरना येणाऱ्यांइतकीच जागा दिली आहे. मराठीत या विषयावर असं लेखन मी आधी वाचलेलं नाही.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पहिली दोन परिपत्रकं नुसती कागदावर हाताळा. 31 जुलै उलटली की स्वतःची यादी करा, ऑगस्टअखेर घोषणा आली की ती यादी तिच्याशेजारी ठेवा, आणि सप्टेंबरअखेर, बदल लागू होण्याच्या आदल्या दुपारी तीन वाजता, पैसे न लावता पडद्यासमोर बसा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक शेअरची त्या अर्ध्या तासातली उलाढाल लिहून ठेवा, आणि तुमच्या हिशेबातल्या आकड्याशी ती ताडून बघा.